नेत्रतपासणीची पहिली भेट

नेत्ररुग्णालयात पहिल्यांदा येणाऱ्या रुग्णाला वेळ देताना नोंदणीची वेळ आणि तपासणीची वेळ वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांची वेळ १० ची असेल, तर रुग्णाला साडेनऊला बोलवावे. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, मोबाइल एवढेच नसते. मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे आणि औषधाची ॲलर्जी हेही लिहायचे असते. हा भाग घाईत भरला की नेमकी ॲलर्जीच राहून जाते.

सोबत आधार कार्ड, जुने केसपेपर आणि विमा असल्यास त्याचे कार्ड आणावे. दोन्ही कार्डांवरील नाव जुळत नसेल तर कॅशलेस मंजुरी अडू शकते. वापरातला चष्मा मात्र बहुतेक जण घरीच विसरतात, म्हणून त्याची आठवण फोनवर आवर्जून करून द्यावी. औषधांची नावे पाठ नसतील तर गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून आणाव्यात.

वेळ खातात ते बाहुली मोठी करणारे थेंब. आधी नजर आणि डोळ्याचा दाब तपासतात, मग थेंब घालतात. त्यांचा परिणाम होण्यास साधारण अर्धा तास लागतो. मधुमेहींमध्ये बाहुली हळू उघडते आणि थेंब पुन्हा घालावे लागतात. त्यामुळे साडेनऊला आलेला रुग्ण बाराच्या सुमारास मोकळा होतो. त्यानंतरही काही तास जवळचे धूसर दिसते, उजेड सहन होत नाही. स्वतः गाडी चालवत येऊ नये, सोबत कोणाला तरी आणावे.