ताप आधी की पुरळ आधी?

दहा महिन्यांची मुलगी. रविवारी रात्री अंग तापलं, थर्मामीटरने १०३ अंश फॅरनहाइट दाखवलं. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. पॅरासिटामॉल दिलं की दोन तास खेळते, मग पुन्हा तापते. मंगळवारी कोणीतरी प्रतिजैविक सुरू करून दिलं. गुरुवारी सकाळी ताप उतरला तो उतरलाच, आणि संध्याकाळी कपडे बदलताना आईला छातीवर, पोटावर, पाठीवर बारीक गुलाबी पुरळ दिसली. आजी म्हणाल्या, ‘गोवर निघालाय, औषधं बंद करा, अंगाला पाणी लावू नका.’ मावशी म्हणाली, ‘त्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे.’ असा प्रसंग बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात वरचेवर येतो, आणि बहुतेक वेळा दोघींचाही अंदाज चुकलेला असतो. मुलीला रोझिओला झालेला असतो.

पुरळ पाहून आजार ओळखायला गेलं की फसगत होते, कारण लाल ठिपके सगळीकडे सारखेच दिसतात. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तर त्यांचा लालपणाही नीट उठून दिसत नाही. त्यापेक्षा खात्रीचा धागा म्हणजे क्रम: ताप कधी आला, पुरळ कधी उठली आणि ती उठली तेव्हा तापाचं काय झालं. मोबाइलवर पुरळीचा फोटो काढून ठेवता, तसाच कागदावर रोजचा ताप वेळेसह लिहून ठेवा. डॉक्टरांना फोटोपेक्षा त्या कागदाचा उपयोग जास्त होतो.

रोझिओला साधारण सहा महिने ते दोन वर्षं या वयात होतो. आईकडून मिळालेलं संरक्षण तोवर ओसरलेलं असतं आणि हर्पिस कुळातला हा विषाणू घरातल्या मोठ्यांच्या लाळेतूनच बाळापर्यंत पोचतो. तीन ते पाच दिवस चढा ताप येतो, पण ताप उतरलेला असताना मूल बऱ्यापैकी खेळतं. मग ताप जातो आणि पुरळ येते, आधी धडावर, नंतर मानेवर आणि हातापायांवर. तिला खाज नसते आणि एक-दोन दिवसांत ती आपोआप मावळते. पुरळीला काहीही लावावं लागत नाही.

या आजारात घाबरवणारी गोष्ट पुरळ नसून आकडी आहे. ताप झपाट्याने चढताना काही मुलांना ती येते. अशा वेळी मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे आकडी चालली तर लगेच रुग्णालय गाठा. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच दिवशी डॉक्टरांनी मुलाला तपासायला हवं.

गोवराची चाल याच्या उलट आहे. त्यात तापाबरोबरच खोकला, वाहतं नाक आणि लालसर, पाणावलेले डोळे असतात. मूल किरकिरं होतं, उजेड त्याला सहन होत नाही. दोन-तीन दिवसांनी गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसू शकतात. तीन-चार दिवसांनी पुरळ कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होते, चेहऱ्यावर येते आणि तिथून खाली पायांपर्यंत उतरते. पुरळ उठताना ताप कमी होत नाही, उलट आणखी चढतो. आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला खोकला नव्हता, डोळे स्वच्छ होते आणि पुरळ आली ती ताप गेल्यावर. तिच्या बाबतीत गोवर तिथेच जवळजवळ बाद होतो.

गोवर अंगावर काढायचा आजार नाही. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात त्याची साथ आली आणि लहान मुलं दगावली. गोवर शरीराची प्रतिकारशक्ती ढासळवतो, त्यामुळे न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं हे त्याच्या मागोमाग येतं. म्हणून प्रत्येक गोवराच्या मुलाला डॉक्टरांकडून ‘अ’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात. त्याने डोळेही वाचतात आणि जीवही. डोसाचं प्रमाण वयाप्रमाणे बदलतं, ते आपल्या मनाने देऊ नये. घरी पातळ पेज, वरण-भात, अंगावरचं दूध चालूच ठेवा, जुलाब झाले तर ओआरएस द्या. मूल शांत झोपलेलं असताना पोटाची हालचाल बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एका वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास भरले तर थांबू नका. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला इतर मुलांपासून वेगळं ठेवा.

कांजिण्या ओळखायला सोप्या. त्यात आधी लाल पुटकुळी, काही तासांत पाण्याने भरलेला फोड आणि मग खपली, आणि या तिन्ही अवस्था एकाच वेळी अंगावर दिसतात, कारण फोड दोन-चार दिवस नव्याने येतच राहतात. खाज फार सुटते. कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग टिपून कोरडं करा, नखं कापा, न फुटलेल्या फोडांवर कॅलामाइन लावा. आंघोळ बंद ठेवली की खाजवलेल्या फोडांत पू होण्याचा धोका वाढतो. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आयबुप्रोफेनही टाळा. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना मुलाजवळ येऊ देऊ नका. उतरलेला ताप पुन्हा चढला, किंवा एखाद्या फोडाभोवती कातडी लाल, गरम आणि दुखरी झाली तर डॉक्टरांकडे जा.

तिन्ही आजारांत तापासाठी पॅरासिटामॉल पुरतं, मात्र ते वयावर न मोजता वजनावर मोजायचं. दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि दिवसाला चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ किलोच्या मुलीला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. गोंधळ होतो तो बाटलीत. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने दिलं तर डोस चौपटीच्या घरात जातो. लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मात्र घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

क्रमाच्या या नियमाला पावसाळ्यात एक मोठा अपवाद आहे: डेंगी. त्यातही ताप उतरताना पुरळ येऊ शकते, पण धोक्याचे दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. रोझिओलाचं मूल ताप गेल्यावर हसायला-खेळायला लागतं. डेंगीचं मूल मलूल होतं, उलट्या करतं, पोट दुखतं म्हणून रडतं, त्याचे हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. अशा मुलाला त्याच क्षणी रुग्णालयात न्या. पारदर्शक काचेचा पेला पुरळीवर दाबूनही पाहावं. दाबल्यावर ठिपके फिके पडले नाहीत, तर ते कातडीखालचं रक्त असू शकतं आणि तेव्हाही थांबायची सोय नाही.

त्या दहा महिन्यांच्या मुलीची पुरळ शनिवारपर्यंत नाहीशी होते. पण घरात ‘गोवर होऊन गेला’ असं ठरलं, तर गोवर-रुबेलाची लस ‘आता कशाला’ म्हणून टळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. पहिला राहिला असेल तर ती बरी झाल्याबरोबर देता येतो. फाइलवर ‘प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी’ असं लिहिलं गेलं असेल, तर तापाचा तो कागद घेऊन डॉक्टरांना पुन्हा विचारा. नाहीतर एक स्वस्त आणि चांगलं औषध त्या मुलीला उगीचच वर्ज्य होऊन बसतं.