पंख्याचा वेग आणि घसरणीची उष्णता

जुन्या घरांत छताच्या पंख्यासाठी भिंतीवर काळ्या पेटीसारखा रेग्युलेटर असे, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पंखा मंद केला की ही पेटी गरम होई. पंख्याचा वेग कमी होई खरा. पण वाचलेल्या विजेपैकी काही भाग त्या पेटीतच उष्णता होऊन जाई. कारखान्यातील मोठ्या पंख्यांच्या बाबतीतही असाच एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे एक जुने व भक्कम उत्तर म्हणजे भोवरा-प्रवाहाचे कपलिंग. आज त्याचाच हिशेब आपण मांडू.

या कपलिंगच्या मुळाशी असलेली घटना १८२४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो याच्या ध्यानात आली. तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर टांगलेली चुंबकसुई, स्पर्श नसतानाही, तिच्या मागोमाग फिरू लागते. कारण फॅरेडेने १८३१ नंतर सांगितले. चुंबकाजवळून धातू सरकला की त्याच्या अंगात विजेचे प्रवाह भोवऱ्यांसारखे फिरू लागतात आणि ते प्रवाह त्या सरकण्यालाच विरोध करतात. घरातील जुन्या विजेच्या मीटरमध्ये फिरणारी ॲल्युमिनियमची चकती चुंबकाने आवरली जाई, ती याच तत्त्वावर.

आता कपलिंगची रचना पाहा. विजेच्या मोटारीच्या दांड्यावर एक पोलादी ढोल बसवलेला असतो. ढोलाच्या पोकळीत, त्याला कोठेही न टेकता, चुंबकाचे ध्रुव असलेले चाक असते आणि ते पंख्याच्या दांड्याला जोडलेले असते. या चाकावरील तारेच्या वेटोळ्यात थोडासा एकदिश प्रवाह सोडला की ध्रुव जागे होतात, ढोलात भोवरा-प्रवाह उठतात आणि ढोल चाकाला आपल्यामागे ओढू लागतो. प्रवाह वाढवावा तशी ओढ वाढते. कमी करावा तसा पंखा मागे पडतो. मोटार मात्र आपल्या एकाच वेगाने फिरत राहते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. चाक ढोलाच्या बरोबरीने फिरू लागले, तर दोघांत सरकणे उरणार नाही. सरकणे नाही तर प्रवाह नाहीत, आणि प्रवाह नाहीत तर ओढही नाही. म्हणून चाकाने थोडे तरी मागे राहिलेच पाहिजे. या मागे राहण्याला घसरण म्हणतात. घसरण हा या यंत्रातील दोष नव्हे. तिच्यावाचून ते चालतच नाही. पण तिची किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती? ढोल चाकाला जेवढा पीळ देतो, तेवढाच पीळ मोटारीला ढोलावर द्यावा लागतो; मध्ये तो पीळ झेलणारा तिसरा आधार नाही. शक्ती म्हणजे पीळ आणि वेग यांचा गुणाकार. पीळ दोन्हीकडे सारखा आणि वेग मात्र वेगळा, तेव्हा पंख्याकडे पोचणारी शक्ती वेगाच्या प्रमाणातच पोचणार. पंखा मोटारीच्या निम्म्या वेगाने फिरत असेल तर निम्मी शक्ती पोचते. उरलेली निम्मी ढोलाच्या पोलादात उष्णता होते. कारागिराने कितीही कौशल्य खर्च केले तरी हा नियम चुकवता येत नाही.

पण निम्मी म्हणजे कशाच्या निम्मी? येथे पंख्याचा स्वभाव आपल्या मदतीला येतो. चेन्नईच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे असे समजू. त्यातील मोटार मिनिटाला १४७० फेरे घेते, आणि त्या वेगाने पंखा फिरला तर त्याला ४० किलोवॅट शक्ती लागेल. पंख्याला लागणारा पीळ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा केला की पीळ चौथाई होतो. म्हणून ७३५ फेऱ्यांवर मोटारीला १० किलोवॅटच द्यावे लागतात. त्यांतील ५ पंख्याला मिळतात, ५ उष्णतेत जातात.

सर्वांत जास्त उष्णता सर्वांत कमी वेगावर होते, असे मात्र नाही. गणिताने पाहता ती दोन-तृतीयांश वेगावर, म्हणजे ९८० फेऱ्यांवर होते. तेथे मोटार सुमारे १७.८ किलोवॅट देते, पंखा ११.९ घेतो आणि जवळजवळ ५.९ किलोवॅट ढोलात जिरतात. त्याहून मंद केल्यास घसरण वाढते खरी, पण पीळ तिच्यापेक्षा लवकर ओसरतो. कपलिंगच्या थंडाव्याची परीक्षा घ्यायची, ती म्हणून या मधल्या वेगावर.

ही ५.९ किलोवॅट उष्णता कोठेतरी गेलीच पाहिजे. ढोलाच्या पाठीवर पाती असतात. ढोल नेहमी मोटारीच्या पूर्ण वेगाने फिरत असल्याने पंखा मंद असतानाही ती पाती वारा घेत राहतात. पण मे महिन्यात चेन्नईच्या हवेचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा तो वाराच तापलेला असतो. आणि यंत्र वातानुकूलित खोलीत ठेवले असेल, तर ही उष्णता बाहेर काढण्यासाठी सुमारे पावणेदोन टन क्षमतेचे शीतयंत्र निराळे राबवावे लागेल. अशा यंत्राची जागा खोलीबाहेर, मोकळ्या वाऱ्यावर हवी, ती याचसाठी.

बिघाड कसा ओळखावा? वाऱ्याच्या वाटा धुळीने बुजल्या की ढोल तापतो. तापलेल्या पोलादाचा रोध वाढतो आणि नेहमीच्या थोड्या घसरणीत प्रवाह क्षीण होतात. तेव्हा तोच वेग राखण्यासाठी वेटोळ्यातील प्रवाह पूर्वीपेक्षा अधिक लागतो. या प्रवाहाची रोज नोंद ठेवणाऱ्याला ढोलाचा रंग काळवंडण्याच्या आधीच सूचना मिळते.

याहून घातक प्रसंग म्हणजे पंख्याचे बेअरिंग जाम होणे. पंखा थांबतो, वेग घटला असे समजून नियंत्रक वेटोळ्यातील प्रवाह वाढवत जातो. समजा, ओढ २०० न्यूटन-मीटरपर्यंत गेली. तर सुमारे ३१ किलोवॅट सबंध ढोलात जळू लागतात. आणि मोटारीचा ॲमीटर मात्र नेहमीचाच भार दाखवतो, कारण मोटारीच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते! म्हणून मोटारीच्या संरक्षणावर विसंबू नये. पंख्याच्या दांड्यावर वेगमापक आणि ढोलाजवळ तापमानाचा पहारेकरी, दोन्ही हवेत. वेगमापकाचाच पट्टा तुटला तर उलटे घडते: नियंत्रकाला वेग शून्य दिसतो आणि पंखा भरधाव सुटतो.

आता वारंवारता बदलणारी इलेक्ट्रॉनिक साधने सर्रास मिळतात. ती मोटारीचाच वेग उतरवतात, त्यामुळे घसरणीची ही उष्णता बहुतेक टळते. आपल्या पंख्याला ९८० फेऱ्यांवर सुमारे साडेपाच किलोवॅट वाचले आणि वर्षात ६००० तास तो तसा चालला, तर ३३,००० युनिटांची बचत झाली. पण तोच पंखा बहुतेक वेळ ९६ टक्के वेगाने चालत असेल, तर घसरणीत जेमतेम दीड किलोवॅट जातो, आणि नवे साधनही स्वतःसाठी थोडी वीज खातेच. मग जुने भक्कम कपलिंग काढून टाकण्यात फारसे हाती लागत नाही. निर्णय यंत्राच्या वयावर करू नये. पंखा कोणत्या वेगाने किती तास चालतो, याची वर्षभराची नोंद प्रथम मागावी.