महिन्याला १२ हजार की १८ हजार? फ्रीलान्स सोशल मीडिया मॅनेजरने फी कशी ठरवायची?

"आमचं इन्स्टा सांभाळायचं महिन्याचं किती घेणार?" फ्रीलान्स काम करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न येतो. बहुतेक जण दुसरे किती घेतात ते पाहून अंदाजे आकडा सांगतात आणि दोन महिन्यांत काम दुप्पट होतं, पैसे मात्र तेवढेच राहतात. आकडा सांगण्याआधी तासांचा हिशोब केला तर हे टाळता येतं.

आधी आपला तासाचा दर काढा

समजा, एका फ्रीलान्सरला महिन्याला ४० हजार रुपये हातात हवे आहेत. इंटरनेट, डिझाइन ॲपचं सबस्क्रिप्शन आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला ठेवायचे पैसे धरून आणखी ५ हजार. म्हणजे महिन्याला ४५ हजार कमवावे लागतील.

महिन्यात काम १६० तास होत असलं, तरी सगळ्या तासांचे पैसे मिळत नाहीत. नवे क्लायंट शोधणं, बिल पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं यातही वेळ जातो. त्यामुळे पैसे देणारे तास १२० धरले, तर तासाचा दर पडतो ३७५ रुपये.

आता काम तासांत मोजा

नाशिकमधल्या एका मिठाईच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. मालकांना महिन्याला १२ पोस्ट, ४ रील आणि रोज मेसेजना उत्तरं हवी आहेत.

- १२ पोस्ट, प्रत्येकी दीड तास: १८ तास
- ४ रील, प्रत्येकी ३ तास (शूटिंग दुकानदार करणार): १२ तास
- मेसेज आणि कमेंट, रोज अर्धा तास, २६ दिवस: १३ तास
- महिन्याचं नियोजन, मीटिंग आणि रिपोर्ट: ५ तास

एकूण ४८ तास. ३७५ रुपयांच्या दराने १८ हजार. याच्या खाली हेच काम घेतलं की तोटा सुरू होतो. म्हणून आधी २० हजार सांगितले, तर बोलणीला थोडी जागा उरते.

या यादीत मेसेजचे १३ तास बघा. चारही रीलपेक्षा जास्त वेळ तिथे जातो, पण बोलणी करताना ते 'किरकोळ काम' म्हणून सुटून जातं.

"आमचं बजेट १२ हजारच आहे" म्हटलं तर?

दर कमी करू नका, काम कमी करा. १२ हजारांत ३२ तास बसतात, म्हणजे १६ तास काढावे लागतील. मेसेजचे १३ तास दुकानातल्याच कुणाकडे दिले आणि एक रील कमी केली, की हिशोब जुळतो.

मालकांना उत्तर असं देता येईल: "१२ हजारांत १२ पोस्ट आणि ३ रील होतील. मेसेज तुमच्याकडचं कुणीतरी बघेल. मेसेजसकट सगळं हवं असेल तर १८ हजार."

यात कुणालाच नकार दिलेला नाही. मालकांना कशाचे किती पैसे जातात ते कळतं आणि निवड त्यांच्याकडे राहते. उलट ४८ तासांचं काम १२ हजारांत घेतलं, तर तासाला २५० रुपयेच पडतात. पुढे फी वाढवायची म्हटली की मालक विचारणार, "आतापर्यंत तर एवढ्यातच करत होता ना?"

मर्यादा कशा लिहायच्या?

बोलणी फोनवर झाली तरी सगळं ईमेल किंवा वॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचा होकार लेखी घ्या. त्यात एवढं हवंच:

- महिन्याला किती पोस्ट आणि किती रील
- प्रत्येक पोस्टमध्ये बदलांच्या दोन फेऱ्या, त्यानंतर वेगळे पैसे
- जादा पोस्ट ६०० रुपये, जादा रील १,२०० रुपये
- फोटो आणि ऑफरची माहिती पुढच्या महिन्यासाठी २५ तारखेपर्यंत
- जाहिरातीचा खर्च फीमध्ये नाही, तो दुकानाच्या कार्डवरून होईल
- फी दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत ॲडव्हान्स, काम थांबवायचं तर दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची नोटीस

जाहिरातीची ओळ विसरली, तर 'बूस्ट'चे पैसे फ्रीलान्सरच्या खिशातून जातात आणि मग ते परत मागत बसावं लागतं.

काम वाढतंय हे कसं ओळखायचं?

सुरुवात लहान गोष्टींनी होते. "दिवाळीचं एक बॅनर पण करून द्या ना", "मेनू कार्डवरचे भाव तेवढे बदला". अशा कामांचे तास रोज फोनमध्ये लिहून ठेवा. ३२ तासांचं काम ४० तासांवर गेलं, तर ३७५चा दर ३०० झालेला असतो.

अशी मागणी आली की त्याच वेळी सांगा: "हो, करून देते. हे ठरलेल्या कामाबाहेर आहे, याचे ६०० होतील. की या महिन्यातल्या एका पोस्टऐवजी हे करू?" काम झाल्यावर पैसे मागितले की वाद होतो, आधी विचारलं की समोरचा दोनपैकी एक पर्याय निवडतो.

तीन महिन्यांनी हीच नोंद मालकांसमोर ठेवा. ठरलेले तास आणि लागलेले तास शेजारी शेजारी दिसले, की फी वाढवायची की काम कमी करायचं, हे आकड्यांवरूनच बोलता येतं.