कोपर आत का बसतं?

अ‍ॅनिमेशनमधलं पात्र कप ओठांशी नेतं तेव्हा त्याचं कोपर पाहावं. काम कच्चं असेल तर टोक नाहीसं होतं आणि हात दुमडलेल्या रबरी नळीसारखा चपटतो. दोष सहसा हाडांचा नसतो, त्यांवर चढवलेल्या कातडीचा असतो.

हाडांचं काम त्रिकोणमितीवर भागतं. समजा दंड 30 सेंमी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात 25 सेंमी आहे. अ‍ॅनिमेटर मनगट हवं तिथे नेतो आणि संगणक उलटा हिशोब करून कोपराचा कोन काढतो. हेच इनव्हर्स कायनेमॅटिक्स, म्हणजे आयके. मनगट खांद्यापासून 40 सेंमीवर असेल तर कोपरात साधारण 93 अंशांचा कोन पडतो, 28 सेंमीवर आणलं तर 60 अंशांचा. कोपर कोणत्या दिशेला राहावं हे मात्र या हिशोबातून कळत नाही. त्यासाठी कोपरामागे पोल टार्गेट ठेवतात. ब्लेंडरमध्ये Chain Length 2 ठेवावी. 0 ठेवली तर खांदा आणि पाठीचा कणाही ओढला जातो. मूळ स्थितीत हात किंचित वाकलेला असावा, नाहीतर कोपर उलटं मोडण्याची भीती असते.

आता कातडी. तिच्या प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती हक्क, हे 0 ते 1 अशा वेटने ठरतं; निळा म्हणजे शून्य, लाल म्हणजे पूर्ण. कोपराच्या टोकाचा बिंदू दोन्ही हाडांना अर्धा-अर्धा वाटला, की संगणक त्याच्या दोन जागा काढतो आणि त्यांच्या बरोबर मधोमध त्याला बसवतो. बिंदूने खरं तर कमानीवरून फिरायला हवं, पण हा मध्य सरळ रेषेवर येतो, म्हणजे सांध्याच्या जवळ. सांध्यापासून 4 सेंमीवरचं टोक 93 अंशांच्या कोनात 2.9 सेंमीवर येतं आणि 60 अंशांच्या कोनात जेमतेम 2 सेंमीवर. कोपर बसतं ते इथेच.

म्हणून टोकावरचं वेट बहुतांशी पुढच्या हाताच्या हाडाला द्यावं. शरीरातही कोपराचं टोक हा पुढच्या हातातल्या अल्ना हाडाचाच भाग असतो. मग 4 सेंमी जवळजवळ शाबूत राहतात. दंडाकडचा उतार मात्र सावकाश रंगवावा, आणि त्यासाठी कोपराभोवती जाळीची निदान तीन वलयं हवीत. एकच वलय असेल तर कितीही रंगवलं तरी कोपऱ्याला धार येते.

ब्लेंडरच्या Armature मॉडिफायरमध्ये Preserve Volume नावाची सोय आहे. ती आकार टिकवते, पण खूप वाकवलं की सांधा फुगलेला दिसतो. तिच्या भरवशावर रंगकाम अर्धवट सोडू नये.

वेट रंगवताना हात सरळ ठेवून रंगवू नका. कोपर पूर्ण दुमडा, बाजूने पाहा आणि तसंच रंगवा. सरळ हातात वाईट वेटसुद्धा निर्दोष दिसतात.