कोणाची मेल वाजू द्यायची?

गेल्या महिन्यात फोन बदलला. अँड्रॉइड गेला, आयफोन आला आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेली एक सोय हातची गेली. जीमेलच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये एकेका लेबलला स्वतंत्र सूचना लावता येते. त्याच अ‍ॅपच्या आयफोनवरच्या भावंडात ती लावता येत नाही. तिथे सगळ्या मेल, फक्त प्रायमरी, फक्त 'महत्त्वाच्या' किंवा काहीच नको, एवढेच पर्याय आहेत. महत्त्वाचं काय, हे ठरवायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही.

सायबर कॅफेचा काळ सोडून देऊ. तेव्हा मेल बघायला आपणच जायचो, ती मागे लागत नसे. मागे लागली ती ब्लॅकबेरीपासून. पण त्या ब्लॅकबेरीत 'लेव्हल वन' नावाची एक शहाणी सोय होती. ठरावीक पत्त्यांसाठी नियम लिहायचा, त्यांच्या मेलना हा दर्जा द्यायचा आणि त्यांच्यासाठी निराळा आवाज ठेवायचा. बाकीच्या मेल मुकाट येऊन पडत. जुन्या ब्लॅकबेरींची सेवा 4 जानेवारी 2022 रोजी बंद झाली. हळहळ सगळ्यांना तिच्या कीबोर्डची वाटली, मला या नियमाची.

2010 मध्ये गूगलने प्रायॉरिटी इनबॉक्स आणला. तुम्ही कोणाच्या मेल उघडता, कोणाला उत्तर देता, यावरून यंत्र अंदाज बांधणार. 2012 मध्ये अ‍ॅपलने व्हीआयपी आणलं, ते जास्त सरळ होतं: माणूस निवडा, त्याच्या नावापुढे तारा येईल, त्याच्यासाठी वेगळी सूचना लावा. मात्र 2013 च्या जानेवारीपासून गूगलने नव्या फुकट खात्यांना एक्स्चेंजची जोडणी देणं थांबवलं. त्यामुळे अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये जीमेल आपणहून येऊन थडकत नाही, फोन ठरावीक वेळाने जाऊन ती आणतो. व्हीआयपीची घंटा वाजते, पण पाहुणा दारात बराच वेळ उभा राहिल्यावर!

माझं दशक खरं गेलं ते अँड्रॉइडवरच्या लेबलांत. मला वाजायला हवी होती ती अंकाच्या संपादकांची मेल, कारण प्रुफं रात्री येत आणि सकाळी परत हवी असत. जीमेलचा फिल्टर फोनच्या अ‍ॅपमध्ये बनवता येत नाही, त्यासाठी संगणकावर बसावं लागतं. आधी मी फक्त संपादकांचा पत्ता घातला होता. मग उपसंपादक दुसऱ्या पत्त्यावरून प्रुफं पाठवू लागले आणि फोन गप्प राहिला. म्हणून पूर्ण डोमेन घातलं, तर वर्गणी विभागाची स्मरणपत्रंही वाजू लागली. शेवटी नियम असा ठरला:

```
from:(ank.example) -from:(vargani@ank.example)
```

पुढच्या पानावर 'तातडी' हे लेबल लावायचं आणि 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' यावरही खूण करायची. स्पॅममध्ये गेलेली मेल कोणाची का असेना, वाजत नाही. मग फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन खातं निवडायचं आणि लेबलांच्या यादीत 'तातडी' उघडायचं. तिथे आधी सिंक चालू करावं लागतं, त्याशिवाय सूचनेचा पर्याय उघडतच नाही. 'प्रत्येक मेलला सूचना' हाही चौकोन भरायचा, नाहीतर एकदा वाजून झाल्यावर मागून येणाऱ्या मेल गुपचूप येतात. प्रायमरीची सूचना याच यादीतून बंद करायची. पण पूर्ण खात्याची सूचना बंद केलीत, तर 'तातडी'ही मुकी होते. हे सगळं जमलं की फोन दिवसदिवस शांत असे आणि वाजला की मी धावत जाई.

आता आयफोनवर आडवाट काढली आहे. तोच फिल्टर, पण त्यात 'नेहमी महत्त्वाची समजा' ही खूण वाढवली आणि अ‍ॅपमध्ये 'फक्त महत्त्वाच्या' निवडलं. संपादक वाजतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्राला आपल्या मनाने जे महत्त्वाचं वाटतं, तेही वाजतं. कोण कोण घुसतंय हे बघायला जीमेलच्या शोधपट्टीत लिहावं:

```
is:important newer_than:7d
```

माझ्या यादीत प्रुफं होतीच. शिवाय एका विमा कंपनीचा हप्त्याचा तगादा, एका बँकेच्या कर्जाच्या ऑफरा आणि कधीकाळी एकदा जिथून चप्पल मागवली त्या दुकानाचा सेल. या मंडळींसाठी मी दुसरा फिल्टर लिहिला आहे, 'कधीही महत्त्वाची समजू नका'. बँकेचे पत्ते त्यात एकेक करून घालावे लागतात, कारण सगळं डोमेन घातलं तर खात्यातून पैसे गेल्याची मेलही गप्प होईल. आणि बँक ऑफर पाठवायला दर काही दिवसांनी नवा पत्ता काढते. तो यादीत दिसला की तोही घालतो.