नव्वदीतल्या गुरूंना एक पत्र

इस्लामी विद्येत पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी एखाद्या वृद्ध आलिमांना पत्र लिहितो: ‘सहीह बुखारी पुढे शिकवण्याची, आपल्या नावाने सांगण्याची परवानगी द्यावी.’ या परवानगीला ‘इजाजा’ म्हणतात. विद्यापीठाची पदवी संस्था देते. इजाजा मात्र एक माणूस दुसऱ्याला देतो, आणि सोबत आपल्या गुरूपासून थेट ग्रंथकार बुखारींपर्यंतची (मृत्यू इ. स. 870) नामावळी लिहून देतो.

पण वृद्धच गुरू कशाला? समजा, गुरू नव्वद वर्षांचे आहेत आणि दहाव्या वर्षी त्यांनी पंच्याऐंशी वर्षांच्या उस्तादांकडून इजाजा घेतली. म्हणजे दोनच नावांत 165 वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसापर्यंत पोचता येते. कड्या कमी, तर साखळीचा मान मोठा. म्हणूनच पूर्वी लोक लहान मुलांसाठीही अशी पत्रे लिहीत. मला हा हिशेबीपणा थोडा गमतीचा वाटतो.

पत्रात आपले व वडिलांचे नाव, ग्रंथाचे नाव, आणि तो गुरूंसमोर पूर्ण वाचला, निम्मा ऐकला की मुळीच नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. न वाचता मिळालेली इजाजाही चालते, पण तिचा दर्जा खालचा. तेराव्या शतकातले इब्न सलाह यांच्या मते ठरावीक व्यक्तीला ठरावीक ग्रंथासाठी दिलेली इजाजा या प्रकारात सर्वांत भक्कम. सरसकट सगळ्यांना वाटलेली वादग्रस्त.

साखळी तपासताना आधी सनावळ्या पाहाव्यात. गुरूच्या मृत्यूनंतर शिष्य जन्मला असेल, तर तिथे साखळी तुटलेली असते.