समभागांवरील अधिमूल्याचा विनियोग : कायदा काय सांगतो?

दहा रुपये दर्शनी मूल्याचा समभाग एखादी कंपनी चाळीस रुपयांना विक्रीस काढते, तेव्हा वरच्या तीस रुपयांना अधिमूल्य, म्हणजेच प्रीमियम, असे म्हणतात. ही रक्कम कंपनीचा नफा नव्हे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 52 नुसार ती प्रतिभूती अधिमूल्य खात्यात स्वतंत्रपणे जमा करावी लागते आणि कायदा तिला जवळजवळ भागभांडवलाचाच दर्जा देतो.

समजा, कंपनीने असे एक लाख समभाग विकले. बँकेत 40 लाख रुपये जमा झाले. त्यांपैकी 10 लाख भागभांडवल आणि 30 लाख अधिमूल्य. समभाग विक्रीचा दोन लाखांचा खर्च या खात्यातून वजा करता येतो. उरलेल्या 28 लाखांतून एकास एक प्रमाणात बोनस समभाग दिल्यास 10 लाख रुपये भांडवलात वर्ग होतात व 18 लाख शिल्लक राहतात. बोनस देताना कंपनीबाहेर एक पैसाही जात नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतःच्या समभागांची पुनर्खरेदी करण्यासही ही रक्कम वापरता येते.

मात्र याच 18 लाखांतून लाभांश वाटता येत नाही. संचित तोटा पुसून टाकायचा असल्यास भांडवल कपातीचा मार्ग अनुसरावा लागतो. त्यासाठी विशेष ठराव आणि राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मान्यता आवश्यक असते. धनकोंनी ज्या निधीच्या भरवशावर कर्ज दिले, तो भागधारकांना परस्पर वाटला जाऊ नये, हा यामागील हेतू आहे.

सवलतीच्या दराबाबत अनेकदा गैरसमज होतो. बाजारात चाळीस रुपये भाव असलेला समभाग बत्तीसला दिला, तर ती कायद्याच्या अर्थाने सवलत ठरत नाही, कारण दर्शनी मूल्य दहाच आहे. तोच समभाग सहा रुपयांना दिल्यास मात्र कलम 53 चा भंग होतो आणि ते वाटप रद्दबातल ठरते. कंपनीला जमा रक्कम बारा टक्के वार्षिक व्याजासह परत करावी लागते. शिवाय उभारलेली रक्कम किंवा पाच लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तितक्यापर्यंत दंड होऊ शकतो.

1956 च्या कायद्यात ठराव व मंजुरी घेऊन अशी सवलत देण्याची सोय होती. नव्या कायद्याने ती काढून टाकली. कर्मचारी व संचालकांना ज्ञान वा कौशल्याच्या मोबदल्यात दिले जाणारे 'स्वेट इक्विटी' समभाग हा अपवाद ठेवण्यात आला. 2017 च्या दुरुस्तीने आणखी एक अपवाद जोडला : वैधानिक निराकरण योजनेत किंवा रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार झालेल्या कर्ज पुनर्रचनेत कर्जाचे समभागांत रूपांतर होत असल्यास धनकोंना ते सवलतीत देता येतात.